पहाटेचा अंधार, फुटकी काच आणि रेंगाळणारं नेट : दुकानदाराच्या ॲपमधलं क्यूआर स्कॅनिंग कसं तपासावं

पहाटे साडेपाचला दुधाचा टेम्पो येतो. दुकानाचं शटर अर्धंच वर असतं. आत एकच ट्यूब लागलेली असते, तीही मागच्या रॅकवर. क्रेट उतरवून झाले की डिलिव्हरीवाला खिशातून मोबाइल काढतो, एजन्सीचा क्यूआर कोड उघडतो आणि काउंटरवर धरतो. त्याच्या मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यातून काचेला जाळं गेलेलं आहे आणि काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब आहेत. दुकानदार काका आपल्या ॲपमधून स्कॅन करतात, पण कोड घेत नाही. मग टॉर्च लागतो, तर उलट समोर नुसता पांढरा गोळा दिसायला लागतो. टेम्पो चालूच असतो, पुढची सात दुकानं बाकी असतात. शेवटी काका वहीत लिहितात, "दूध बाकी", आणि डिलिव्हरीवाला निघून जातो.

हे मी सांगलीतल्या एका किराणा दुकानात उभं राहून पाहिलं. ज्या ॲपमधून काका स्कॅन करत होते त्याच्या चाचण्या मीच केल्या होत्या आणि त्या सगळ्या पास होत्या. ऑफिसात भरपूर उजेड होता, हातात नवा मोबाइल होता, कोड संगणकाच्या स्वच्छ पडद्यावर होता आणि वायफाय होतं. तिथे नापास होण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानंतर आम्ही चाचणीची पद्धत बदलली, तीच इथे पायरीपायरीने लिहितोय. ग्राहक दुकानाचा कोड स्कॅन करतो ती बाजू मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. इथे दुकानदार स्वतः पैसे देतोय, दूध एजन्सीला, बेकरीवाल्याला, मार्केट यार्डातल्या अडत्याला, आणि स्कॅनर त्याच्या हातात आहे. या बाजूची तपासणी फार कमी जण करतात.

आधी कोड तयार करा

चाचणीसाठी मिळेल तो कोड वापरू नका. एकच मजकूर घ्या आणि त्याचे वेगवेगळे कोड स्वतः बनवा, म्हणजे निकालात फरक पडला तर तो कशामुळे पडला हे कळेल. लिनक्सवर `qrencode` पुरतं.

```
T="upi://pay?pa=chachani.dudh@example&pn=Chachani%20Dudh&am=1.00&cu=INR&tr=T0001"
qrencode -l L -s 10 -m 4 -o kod_L.png "$T"
qrencode -l M -s 10 -m 4 -o kod_M.png "$T"
qrencode -l H -s 10 -m 4 -o kod_H.png "$T"
```

हा पत्ता खोटा आहे, त्यामुळे स्कॅन झालं तरी पैसे कुठे जात नाहीत. `-m 4` म्हणजे कोडाभोवती चार चौकोनांएवढी कोरी पट्टी. ती कोडाच्या मानकातच आहे आणि तिच्याशिवाय स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो ते नीट सापडत नाही. एक कोड या पट्टीशिवाय, काळ्या पार्श्वभूमीवरही बनवून ठेवा. डार्क मोडमध्ये काही ॲप कोड तसाच दाखवतात.

`-l` पुढचं अक्षर दुरुस्तीची पातळी सांगतं. कोडाचा काही भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर परत जुळवता येतो. एल पातळीवर साधारण 7 टक्के, एमवर 15, क्यूवर 25 आणि एचवर 30 टक्के भाग असा भरून काढता येतो. मग सगळीकडे एचच का वापरू नये, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर वरच्या तीन फायलींतच आहे. मजकूर 77 अक्षरांचा आहे. एल पातळीवर त्याचा कोड 33 गुणिले 33 चौकोनांचा होतो, एमवर 37 गुणिले 37 आणि एचवर 49 गुणिले 49. म्हणजे तेवढ्याच जागेत चौकोन बारीक होतात.

बारीक झाले की काय होतं ते आकड्यांत पाहू. अँड्रॉइडच्या कॅमेराएक्स या कॅमेरा लायब्ररीत तुम्ही काही सांगितलं नाही तर तपासणीसाठी येणारं चित्र 640 गुणिले 480 पिक्सेलचं असतं. काकांनी मोबाइल जरा लांब धरला आणि कोडाने चित्राच्या अरुंद बाजूचा पाचवा हिस्सा व्यापला, तर कोडाच्या वाट्याला 96 पिक्सेल आले. एमच्या कोडात प्रत्येक चौकोनाला अडीच पिक्सेलच्या वर मिळतात, एचच्या कोडात दोनाहून किंचित कमी. गूगलच्या एमएल किटची सूचना आहे की सगळ्यात लहान चौकोन निदान दोन पिक्सेल रुंद असावा. म्हणजे लांबून धरल्यावर जास्त "मजबूत" कोडच आधी हरतो. एजन्सीचा कोड कसा असेल ते आपल्या हातात नाही, पण आपल्या ॲपने किती मोठं चित्र घ्यायचं ते आहे. आम्ही `ResolutionSelector` वापरून ते 1280 गुणिले 720 केलं आणि लांबून होणारे बरेचसे नकार तिथेच संपले.

प्रत्येक कोड दोन रूपांत हवा, एक कागदावर छापलेला आणि एक मोबाइलच्या पडद्यावर. पुढे जे येतंय ते सगळं या एका फरकावर उभं आहे.

काय मोजायचं आणि किती वेळा

चाचणीच्या बिल्डमध्ये तीन गोष्टींची नोंद ठेवा : कॅमेरा उघडल्यापासून कोड ओळखेपर्यंत किती वेळ गेला, तेव्हा टॉर्च चालू होता की बंद, आणि न ओळखलेली शेवटची फ्रेम. ही फ्रेम साठवणं फार कामाचं आहे, कारण स्कॅन का झालं नाही हे अंदाजाने सांगता येत नाही. फ्रेम मोठी करून पाहिली की बहुतेक वेळा डोळ्यांनाच दिसतं. दुकानदारांकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये मात्र ही सोय अजिबात राहू देऊ नका. त्या फ्रेममध्ये लोकांचे चेहरे आणि खाती येतात.

यश कशाला म्हणायचं तेही आधीच ठरवा. आम्ही तीन सेकंदांत ओळखलं तर यश मानतो. चौथ्या सेकंदाला माणूस मोबाइल हलवायला लागतो, मग ती चाचणी कोडाची राहत नाही, हाताची होते.

प्रत्येक परिस्थितीत किमान 20 वेळा स्कॅन करा आणि दर वेळी मोबाइल खाली ठेवून पुन्हा उचला. सरासरी काढू नका, "20 पैकी इतके" असं लिहा. आणि 20 पैकी 20 झाले म्हणून लगेच खूश होऊ नका. एवढ्या प्रयत्नांत एकही अपयश आलं नाही तरी खरं अपयशाचं प्रमाण 14 टक्क्यांपर्यंत असू शकतं. 60 पैकी 60 झाले, तर ते 5 टक्क्यांच्या आत आहे असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. सगळ्याच परिस्थितींत 60 वेळा करणं जमत नाही. पण सोडण्याआधीच्या शेवटच्या फेरीत पहाटेच्या अंधारासाठी आम्ही ते करतो.

मोबाइल कोणता घ्यायचा? दुकानदार वापरतो तो. दोन-तीन वर्षं वापरलेला, लेन्सवर ओरखडे आणि तेलकट बोटांचे ठसे असलेला. लेन्स पुसून एक फेरी आणि न पुसता एक फेरी करा.

अंधार : कागदाला वेगळा, पडद्याला वेगळा

खिडकी नसलेली खोली घ्या आणि दिवा अंतरावर ठेवून उजेड कमी-जास्त करा. मोबाइलमधल्या सेन्सरवर चालणारं लक्स मोजायचं ॲप अचूक नसतं, पण तोच मोबाइल त्याच जागी ठेवून मोजलं तर फेऱ्यांची आपसांत तुलना करता येते. आम्ही तीन पातळ्या ठरवल्या. नीट उजेड असलेल्या दुकानासाठी सुमारे 300 लक्स, मागच्या रॅकवरच्या ट्यूबसाठी 30 आणि अर्ध्या शटरखालच्या पहाटेसाठी 5 लक्स.

आधी कागद घ्या. उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्या वेळात हात हलतो आणि चौकोन एका दिशेने पुसले जातात. साठवलेल्या फ्रेममध्ये हे सहज ओळखू येतं, काळे ठिपके ओढल्यासारखे लांबलेले दिसतात. इथे टॉर्चचा खरा उपयोग होतो. 5 लक्सला टॉर्चशिवाय 20 वेळा आणि टॉर्चसह 20 वेळा करा, फरक ठळक दिसेल.

आता तोच कोड पडद्यावर दाखवा, खोली तशीच अंधारी ठेवा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो. पण कॅमेरा सगळ्या चित्राचा हिशोब धरतो आणि चित्राचा बराचसा भाग अंधार असतो, म्हणून तो उजेड वाढवत नेतो. परिणामी पडद्यावरचा पांढरा भाग फुटून काळ्या चौकोनांवर पसरतो. फ्रेम मोठी करून पाहा, काळे चौकोन पांढऱ्यांपेक्षा बारीक झालेले दिसतील, कधी कधी अख्खे गिळले गेलेले. त्यात टॉर्च लावला की काचेवर त्याचंच प्रतिबिंब पडतं आणि उरलंसुरलंही जातं. काकांच्या दुकानात नेमकं हेच झालं होतं. कागदाचं औषध पडद्याला दिलं गेलं, आणि ते आमच्याच ॲपने दिलं होतं. उजेड कमी दिसला की आमचं ॲप स्वतःहून टॉर्च लावायचं.

उपाय दोन केले. आपोआप टॉर्च लावणं बंद केलं आणि त्याऐवजी मोठं, अंगठ्याला सापडेल असं बटण दिलं. दुसरं म्हणजे, उजेडाचा हिशोब सगळ्या चित्राऐवजी मधल्या चौकटीवरून करायला लावला. कॅमेराएक्समध्ये त्यासाठी `startFocusAndMetering` आहे. दीड सेकंदात कोड सापडला नाही आणि चौकटीचा मधला भाग पांढराफटक असेल, तर `setExposureCompensationIndex` ने उजेड एक-दोन पायऱ्या खाली आणून पुन्हा पाहायचं. प्रत्येक मोबाइलवर किती पायऱ्या चालतात ते आधी विचारून घ्यावं लागतं, आणि काही स्वस्त मोबाइल ही सोय देतच नाहीत. त्यांच्यासाठी डिलिव्हरीवाल्याला "ब्राइटनेस थोडा कमी कर" असं सांगणारी एक ओळ पडद्यावर दाखवणं एवढंच हातात राहतं.

ब्राइटनेस अगदी कमी केला तर मात्र नवीन अडचण येते. बरेच ओएलईडी पडदे मंद करताना भराभर बंद-चालू होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये आडवे काळे पट्टे येतात. म्हणून पडद्याची चाचणी पूर्ण, निम्म्या आणि अगदी कमी अशा तिन्ही ब्राइटनेसवर करा.

चकाकी

चकाकी दोन प्रकारची असते आणि दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या.

पहिली म्हणजे दिव्याचा किंवा सूर्याचा ठिपका थेट काचेत किंवा लॅमिनेशनमध्ये दिसणं. पावसाळ्यात बेकरीवाले कोडावर प्लास्टिक चढवतात आणि कडेने सेलोटेप मारतात. त्या सुरकुतलेल्या प्लास्टिकवर एकाऐवजी पाच-सहा ठिपके पडतात. टेबलावर दिवा एका जागी पक्का करा. पुठ्ठ्यावर 0, 15, 30 आणि 45 अंशांच्या रेघा आखा आणि कोड त्या रेघांवर ठेवून स्कॅन करा. कोन बदलला की ठिपका सरकतो, आणि बहुतेक वेळा थोडंसं तिरपं धरूनच काम होतं. ॲपच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एका फोटोवर विसंबू नये. फ्रेम येत राहाव्यात आणि हात हलता हलता जी चांगली मिळेल ती पकडावी. "मोबाइल स्थिर धरा" ही आमची जुनी सूचना इथे उलट काम करत होती, कारण माणूस स्थिर राहिला की ठिपकाही कोडावर स्थिर राहतो. आता तीन सेकंदांनंतर "थोडं तिरपं धरा" असं येतं.

दुसरी चकाकी भर उन्हातली. ऊन थेट पडतं तिथे उजेड एक लाख लक्सच्या आसपास जाऊ शकतो. पडद्यावरचा काळा रंगच राखाडी होतो, म्हणजे ठिपका कुठेच नसतो पण काळ्या-पांढऱ्यातला फरक सगळीकडे पुसट होतो. तिरपं धरून फायदा नाही, सावली करावी लागते. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात संध्याकाळी पाचला ही चाचणी करा. खोलीत दिवे लावून असं ऊन तयार करता येत नाही. आम्ही करून पाहिलं, ते दोन दिवस वाया गेले.

फुटकी काच

इथे घाई करू नका, कारण "स्क्रीन फुटली आहे" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. वरची टफन ग्लास तडकलेली, खालची मूळ काच तडकलेली, किंवा आतला पॅनेलच मेलेला. पहिल्या दोन्हींत कोड खाली शाबूत असतो, फक्त तड्यांवरून उजेड वाकतो आणि रेघा उमटतात. तिसऱ्यात कोडाचा काही भाग पडद्यावर येतच नाही, शाईसारखा काळा डाग किंवा उभ्या रंगीत रेघा दिसतात.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून काढून टाकलेल्या तडकलेल्या टफन ग्लास मागून आणा, ते फेकूनच देणार असतात. चांगल्या पडद्यावर त्या ठेवल्या की पहिला प्रकार तयार. हातमोजे घाला आणि कडांना सेलोटेप लावा, काचेचे कण बोटात जातात. तिसऱ्या प्रकारासाठी डाग पडलेला जुना मोबाइल त्याच दुकानात मिळतो. तो नसेल तर कागदावरच्या कोडावर काळ्या मार्करने डाग काढा. त्याचा एक फायदाही आहे, कारण डाग नेमका कुठे आणि केवढा ते आपण ठरवतो.

आता डाग कुठे काढायचा? कोडाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. स्कॅनर कोड शोधतो तो त्यांच्यावरूनच. कुठूनही मधोमध आडवी रेघ मारली तर त्यांतला काळा-पांढरा क्रम 1 : 1 : 3 : 1 : 1 असा येतो आणि ते ओळखीचं चिन्ह असतं. दुरुस्तीची सगळी गणितं कोड सापडल्यानंतरची आहेत. हा चौकोनच मोडला तर गणितापर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून एकाच आकाराचा डाग चार ठिकाणी काढून पाहा : कोपऱ्यातल्या चौकोनावर, मधोमध, उजव्या खालच्या कोपऱ्यात जिथे मोठा चौकोन नसतो, आणि बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर. नाण्याएवढा डाग मधोमध चालून जातो आणि त्याच्या निम्मा डाग कोपऱ्यात सगळं बंद पाडतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

मधोमध डाग चालतो, पण तिथेही मर्यादा आहे. आपला एमचा कोड आठ-आठ चौकोनांच्या 134 गटांनी बनलेला आहे. ते दोन भागांत वाटलेले असतात आणि प्रत्येक भागात 12 गटांपर्यंत चूक दुरुस्त होते, मिळून 24. गटातला एकच चौकोन चुकीचा वाचला गेला तरी तो अख्खा गट बाद धरला जातो. म्हणून एक गोल डाग आणि कोडभर पसरलेलं बारीक जाळं यांत जाळं जास्त महाग पडू शकतं. क्षेत्रफळ कमी, पण स्पर्श पुष्कळ गटांना. आणि मधे एजन्सीचा लोगो बसवलेला असेल तर दुरुस्तीचा काही वाटा त्यानेच आधी खाल्लेला असतो. लोगोसह आणि लोगोशिवाय असे दोन्ही कोड तड्यांखाली ठेवून बघा.

इथे ॲपला करता येण्यासारखं फार नाही, आणि ते मान्य करणं बरं. मेलेल्या पॅनेलखालचा कोपरा कोणताच स्कॅनर वाचू शकत नाही. डिलिव्हरीवाल्याने कोडाचा स्क्रीनशॉट काढून तो डागापासून बाजूला सरकवला की मात्र बऱ्याचदा काम होतं. आमच्या ॲपमध्ये पाच सेकंदांनंतर दोन गोष्टी समोर येतात, ही सूचना आणि "यूपीआय आयडी टाइप करा" असं बटण. हे बटण येतं का, ओल्या बोटाने दाबलं जातं का, आणि आयडी टाकल्यावर समोरच्याचं नाव दिसतं का, हेही तपासणीतच धरा. पाण्याचे थेंबही विसरू नका. थेंब भिंगासारखं काम करतो आणि त्याच्याखालचे चौकोन फुगून वाकडे होतात. ड्रॉपरने तीन थेंब टाका, तेवढं पुरे.

स्कॅन झालं, आता नेट

कोड वाचायला नेट लागू नये. पण लागतं का ते तपासा. एमएल किटचा बारकोड वाचक दोन प्रकारे घेता येतो. एका प्रकारात कोड ओळखणारं मॉडेल ॲपमध्येच असतं आणि ॲप सुमारे 2.4 एमबीने वाढतं. दुसऱ्यात ते नंतर गूगल प्ले सर्व्हिसेसमार्फत उतरतं आणि वाढ फक्त 200 केबीच्या आसपास असते. दुसरा प्रकार निवडला असेल आणि दुकानदाराने कमकुवत नेटवर नुकतंच ॲप टाकलं असेल, तर कॅमेरा उघडतो, चौकट दिसते, पण कोड ओळखलाच जात नाही. आपल्या मोबाइलवर मॉडेल आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे हा दोष दिसत नाही. फॅक्टरी रीसेट केलेल्या मोबाइलवर फक्त ॲप टाका, लगेच एअरप्लेन मोड लावा आणि स्कॅन करा. आम्ही या एका कारणासाठी मॉडेल ॲपमध्येच घेतलं.

पुढे खरा व्यवहार सुरू होतो. समोरच्याचं नाव येतं, रक्कम टाकली जाते, पिन टाकला जातो, बँकेतून पैसे निघतात, उत्तर परत येतं. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर नेट तोडायचं. ही फेरी आधी बँकेच्या चाचणी सर्व्हरवर आणि शेवटी स्वतःच्या दोन खात्यांत खऱ्या एक रुपयाने करा. मोबाइल यूएसबीने संगणकाला जोडलेला असेल तर नेमक्या क्षणी असं तोडता येतं :

```
adb shell svc wifi disable
adb shell svc data disable
adb shell svc data enable
```

काही पेमेंट ॲप यूएसबी डीबगिंग चालू दिसलं की चालतच नाहीत. अशा वेळी हाताने एअरप्लेन मोड लावावा लागतो, किंवा वायफायचा राउटर बंद करावा लागतो.

नेट तुटण्यापेक्षा रेंगाळणं जास्त त्रासदायक, आणि बाजारात तेच जास्त भेटतं. लिनक्स लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू करा, मोबाइल त्याला जोडा आणि वाट अडवा :

```
sudo tc qdisc add dev wlan0 root netem delay 1500ms 400ms loss 8% rate 64kbit
sudo tc qdisc del dev wlan0 root
```

पहिली ओळ दीड सेकंदाचा उशीर लावते, 8 टक्के पाकिटं गाळते आणि वेग उतरवते. दुसरी ओळ सगळं पूर्ववत करते. `wlan0` च्या जागी तुमच्या हॉटस्पॉटच्या इंटरफेसचं नाव टाका. यात फक्त मोबाइलकडे येणारी वाट अडते. मोबाइलकडून जाणारीही अडवायची असेल तर लॅपटॉप ज्या इंटरफेसवरून इंटरनेटला जोडलेला आहे त्यावर तीच ओळ पुन्हा द्या.

पिन टाकण्याआधी तोडलं तर चिंता नाही, पैसे हललेलेच नसतात. ॲपने सरळ "नेट नाही, पुन्हा प्रयत्न करा" म्हणावं. पिन पाठवल्यानंतर एका सेकंदात तोडलं की मात्र खरी कसोटी लागते. पैसे कटले असतील किंवा नसतील, ॲपला माहीत नसतं. आमच्या जुन्या बिल्डमध्ये तेव्हा लाल फुलीसह "पेमेंट अयशस्वी" यायचं, कारण तीस सेकंदांत उत्तर न येणं आणि बँकेने नकार देणं या दोन्हींसाठी लिहिणाऱ्याने एकच संदेश ठेवला होता. लाल फुली पाहून कुणीही पुन्हा पैसे पाठवतो. मी स्वतः एक-एक रुपयाने हे केलं. पहिल्या वेळी फुली आली, मी पुन्हा पाठवले, आणि नेट सुरू केल्यावर दुसऱ्या खात्यात दोन रुपये जमा होते.

तपासताना हे बघा. उत्तर आलं नाही तर व्यवहार "प्रक्रियेत" दिसतो का? त्याच व्यवहाराची स्थिती ॲप त्याच व्यवहार क्रमांकाने विचारतं की नवीन व्यवहार सुरू करतं? ॲप मधेच बंद करून परत उघडलं तर तो व्यवहार यादीत दिसतो का? आणि त्याच आयडीला तीच रक्कम लगेच पुन्हा पाठवायला गेलं तर ॲप थांबवतं का? आता आमच्या पडद्यावर पिवळ्या पट्टीत येतं : "बँकेचं उत्तर यायचं आहे. पैसे पुन्हा पाठवू नका." बँकेकडून 12 अंकी यूपीआय क्रमांक आला असेल तर तो खाली मोठ्या अक्षरांत, डिलिव्हरीवाल्याला वाचून दाखवता येईल असा. क्रमांक आलेलाच नसेल तर ॲपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक.

पैसे कटले पण समोर पोचल्याची खात्री आली नाही, तर दुकानदाराला मुदत सांगता आली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे व्यापारी खात्याला केलेलं असं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवं, आणि व्यक्तीच्या खात्याला पाठवलेलं एका दिवसात. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई ठरलेली आहे. एजन्सीचा कोड व्यापारी खात्याचा आहे की मालकाच्या वैयक्तिक खात्याचा, यावर मुदत बदलते. ॲपच्या मदतीच्या पानावर दोन्ही मुदती लिहिलेल्या आहेत का तेही बघून घ्या.

शेवटची फेरी दुकानात

खोलीतल्या सगळ्या फेऱ्या झाल्या की पहाटे दुकानात जा. मोबाइल दुकानदाराचाच असू द्या, आणि तो त्यांच्याच हातात असू द्या. तुम्ही बाजूला उभे राहा आणि काही सुचवू नका. मी वहीत फक्त चार रकाने ठेवतो : कोड कागदावर की पडद्यावर, टॉर्च लावला का, किती सेकंद लागले, आणि माणूस काय म्हणाला. चौथा रकाना सोडू नका. "टॉर्च लावला की बिघडतंय" हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि लिहून घेतलं नाही. आम्हाला कारण सापडायला त्यानंतर तीन आठवडे लागले.

बदल केलेलं बिल्ड घेऊन परत गेलो तेव्हा डिलिव्हरीवाला तोच होता आणि काचही तीच, जाळं आता खालपर्यंत आलेलं. टॉर्च बंद ठेवून पहिल्या प्रयत्नाला कोड घेतला गेला नाही. पडद्यावर "थोडं तिरपं धरा" आलं, काकांनी मनगट वळवलं आणि एजन्सीचं नाव दिसलं. उत्तर यायला आणखी अकरा सेकंद लागले. पिवळी पट्टी वाचून काका डिलिव्हरीवाल्याला म्हणाले, "थांब जरा, जातायत." त्याने क्रेट टेम्पोत टाकले, तेवढ्यात पट्टी हिरवी झाली.